पार्सलमधली चिठ्ठी

सदाशिव पेठेतल्या एका ताईंच्या पार्सलमधली चिठ्ठी माझ्यासमोर आहे. त्या घरी थालीपिठाची भाजणी करून विकतात. चिठ्ठीत आधी आभार मानलेत आणि खाली लिहिलंय, "पाच स्टार द्या, पुढच्या ऑर्डरवर 50 रुपये सूट मिळवा."

या वाक्यात आपण नकळत अभिप्राय विकत घेतो. मोठ्या बाजारपेठी साइट्स अशी चिठ्ठी सापडली की विक्रेत्याचं खातं बंद करू शकतात. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, त्यालाही विकत घेतलेले अभिप्राय मान्य नाहीत. "आवडलं तर रिव्ह्यू द्या, नाही आवडलं तर आम्हाला फोन करा" हे तर वरकरणी किती सभ्य वाटतं! पण त्यातही नाराज माणसाला साइटवरून बाजूला काढलं जातं. मला हे सूट देण्याइतकंच गैर वाटतं.

मग मागायचं कसं? ताईंसाठी आम्ही असं लिहिलं: "पहिलं थालीपीठ खाऊन झालं की कसं लागलं ते साइटवर लिहा. काही कमी वाटलं असेल तर तेही लिहा." "खाऊन झालं की" हे शब्द मुद्दाम घातलेत. डबा उघडताक्षणी अभिप्राय मागितला, तर माणूस फक्त पॅकिंगबद्दल लिहितो. अडचणीसाठी फोन नंबर जरूर द्या, पण वेगळ्या ओळीत, आणि अभिप्रायाशी त्याचा संबंध जोडू नका.

पुन्हा ऑर्डर यायची तर चिठ्ठी स्वयंपाकघरात टिकायला हवी. म्हणून मागच्या बाजूला कृती छापली: एक वाटी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, कोमट पाण्यात मळा. त्याखाली दळल्याच्या तारखेसाठी रिकामी जागा ठेवली. तारीख ताई स्वतः पेनानं घालतात, त्यामुळे कार्ड चकचकीत नको. लॅमिनेशनवर बॉलपेन उमटत नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाईवाले आहेत, त्यांच्याकडे जाड मॅट कागद मागा. ए-4 कागदात ए-6 आकाराच्या चार चिठ्ठ्या बसतात. भाजणीच्या पिशवीला चिठ्ठी चिकटून राहिली की तेलकट होते, म्हणून ती खोक्यात सगळ्यात वर ठेवा.

सूट द्यायचीच असेल तर अभिप्राय लिहिणाऱ्याला आणि न लिहिणाऱ्याला सारखीच द्या. मात्र बाजारपेठी साइटवरून आलेल्या ऑर्डरमध्ये स्वतःच्या व्हॉट्सॲपचं आमंत्रण किंवा कूपन घालू नका, गिऱ्हाईक बाहेर वळवणं त्यांना चालत नाही. थेट तुमच्याकडे आलेल्या ऑर्डरसाठी वेगळी चिठ्ठी छापा. तिच्या प्रत्येक छपाईला कूपनचा शब्द बदला, "श्रावण", मग "दिवाळी". कोणता शब्द घेऊन लोक परत येतात ते वहीत लिहीत गेलात, की कोणत्या चिठ्ठीनं काम केलं ते कळेल.