काटा 22 वर असताना

नमस्कार, श्रोतेहो.

सायन सर्कलहून दादर टीटीपर्यंत मला स्कूटरने साधारण पंधरा मिनिटं लागतात. अंतर चारेक किलोमीटर. म्हणजे ताशी 16 किलोमीटर. हिशेब बरोबर आहे, पण आंबेडकर रोडवर त्या पंधरा मिनिटांत माझा काटा 16 वर किती वेळ असतो? चढता-उतरता ओझरता दिसतो, तेवढाच. सिग्नलला तो शून्यावर असतो, उड्डाणपुलावर चाळिशीच्या वर जातो आणि पुढे बस आडवी आली की धपकन खाली येतो. सोळा ही त्या अख्ख्या प्रवासाची सरासरी झाली. काटा मात्र प्रवासाबद्दल बोलतच नाही, तो 'आत्ता'बद्दल बोलतो.

आणि खरी गंमत इथेच आहे. बारावीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. 'आत्ता' म्हणजे किती वेळ? शून्य. शून्य वेळात गाडी शून्य अंतर जाणार. मग शून्य भागिले शून्य! काटा दाखवतो काय?" मी त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही.

आपण एकच प्रसंग घेऊ. सिग्नल हिरवा झाला, तुम्ही ॲक्सिलरेटर पिळलात आणि गाडी एकसारखा वेग वाढवत निघाली. सोयीसाठी असं धरू, की जितके सेकंद झाले त्याचा वर्ग केला की तितके मीटर अंतर. 1 सेकंदाला 1 मीटर, 2 सेकंदांना 4 मीटर, 3 ला 9, 4 ला 16. प्रश्न असा, की बरोबर तिसऱ्या सेकंदाला काटा किती दाखवेल?

तिसऱ्या ते चौथ्या सेकंदात गाडी 9 वरून 16 वर गेली. एका सेकंदात 7 मीटर. पण हा आकडा थोडा जास्तच असणार, कारण त्या सेकंदभरात वेग वाढतच होता. म्हणून वेळ आखडता घेऊ. 3 ते 3.1 सेकंद. 3.1 चा वर्ग 9.61. म्हणजे 0.1 सेकंदात 0.61 मीटर, सेकंदाला 6.1. आणखी आखडता घेऊ. 3 ते 3.01 सेकंदात हाच हिशेब 6.01 देतो. आता मागच्या बाजूनेही बघू, नाहीतर एकाच बाजूचं ऐकल्यासारखं होईल. 2.9 चा वर्ग 8.41. तिथून 9 मीटरपर्यंत 0.59 मीटर, म्हणजे सेकंदाला 5.9. दोन्ही बाजूंनी आकडे एकाच ठिकाणी दाटत चाललेत. सहा. सेकंदाला 6 मीटर, म्हणजे ताशी 21.6 किलोमीटर. काटा 22 च्या जवळ.

त्या 'सहा'ला गणितात विकलज म्हणतात, इंग्रजी माध्यमातली मुलं डेरिव्हेटिव्ह म्हणतात.

आता हे एकदाच आकडेमोड न करता पाहू. तो छोटासा वेळ एच मानू. तीन अधिक एच या वेळी अंतर होईल नऊ, अधिक सहा एच, अधिक एचचा वर्ग. त्यातून नऊ वजा केले, एचने भागलं, उरलं सहा अधिक एच. एच जितका लहान, तितकं उत्तर सहाच्या जवळ. बस्स, एवढंच.

पण 1734 साली बर्कली नावाच्या बिशपने न्यूटनच्या अनुयायांना नेमकं इथेच पकडलं. भागताना म्हणता एच शून्य नाही, कारण शून्याने भागता येत नाही, आणि भागून झाल्यावर त्यालाच शून्य करून टाकता! म्हणजे हातचा घ्यायचा आणि गुपचूप विसरायचा. त्याची तक्रार रास्त होती, आणि चोख उत्तर यायला बराच काळ गेला. 1821 साली फ्रेंच गणिती कोशीने सीमेच्या कल्पनेवर कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, मांडणी केली. एचला शून्य करायचंच नाही. उत्तर सहाच्या हवं तितकं जवळ आणता येतं का, एवढंच पाहायचं. येत असेल, तर सहा हीच सीमा. शून्य भागिले शून्य कुणी करतच नाही.

'आत्ताची गती' ही अडचण आपल्याकडेही पडली होती. 1150 साली सिद्धान्तशिरोमणी लिहिताना भास्कराचार्यांनी चंद्राच्या बाबतीत तात्कालिक गती वापरायला सांगितलं. चंद्राची चाल इतकी भरभर बदलते की दिवसभराच्या गतीवरून तिथी कधी संपते ते काढलं तर चूक येते. सीमेची कल्पना त्यांच्याकडे नव्हती, पण सरासरी कुठे फसते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

असो, पुन्हा स्कूटरकडे. माझ्याकडे वडिलांची जुनी गिअरवाली स्कूटर होती. एकदा तिचा काटा मेला. मेकॅनिकने पुढच्या चाकापाशी स्पीडोमीटरची केबल सोडवली आणि तिचं टोक दोन बोटांत धरून गरकन फिरवलं. "बघा सर, मीटर जिवंत आहे." काटा थरथरत उठला आणि हात थांबताच खाली बसला. खराब झालं होतं ते चाकाकडचं दातेरी चक्र.

मीटरच्या डबीत ही केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, त्याला न टेकणारी. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. चुंबक दुप्पट वेगाने फिरला तर ओढही दुप्पट, म्हणून काटाही दुप्पट वळतो. लक्षात घ्या, या डबीत घड्याळ नाही. अंतर मोजून वेळेने कुणी भागत नाही. वीजच चुंबकीय क्षेत्र किती वेगाने बदलतं त्यावर उठते, म्हणजे बदलाचा दर निसर्गच काढून देतो.

आकडे दाखवणाऱ्या नव्या मीटरचं तसं नाही. ते आपण आत्ता केलेला हिशेबच करतं, आणि तिथे एच लहान करणं अंगाशी येतं. समजा चाकाचा घेर 1.35 मीटर आहे आणि एका फेरीला सेन्सर एकच ठोका देतो. आपली गाडी सेकंदाला 6 मीटरने चाललीय. मीटरने दर 0.1 सेकंदात ठोके मोजले तर तेवढ्यात चाक अर्धी फेरीही पुरी करत नाही. ठोका आला नाही तर वेग शून्य, आला तर ताशी जवळपास 49. खरा वेग 22, आणि पडद्यावर शून्य-एकोणपन्नास-शून्य असा खेळ! यावर उपाय म्हणजे चाकावर जास्त दाते द्यायचे, दोन ठोक्यांमधला वेळ मोजायचा, किंवा सरळ थोडा जास्त वेळ मोजत बसायचं. शेवटच्या उपायात आकडा स्थिर दिसतो, पण शिळा होतो.

आज घरी जाताना असं मीटर असलेली गाडी असेल, तर सिग्नलला जरा जोरात ब्रेक लावून बघा. मागे कुणी नाही ना, ते आधी पाहा. गाडी उभी राहते, पाय जमिनीला टेकतो, आणि पडद्यावर क्षणभर 4 किंवा 5 रेंगाळतात. तोच तो एच.

नमस्कार.