पहिल्या पानाशेजारी सोळावं

[दृश्य: टेबलावर आरत्यांची एक पुस्तिका. बोटं पाठीवरच्या दोन पिना हलकेच उकलतात.]

ही गणपती मंडळाची आरत्यांची पुस्तिका. सोळा पानं, ए-फाइव्ह आकार, पाठीवर दोन पिना. पिना निघाल्या की हातात उरतात मधोमध दुमडलेले चार ए-फोर कागद, एकाच्या पोटात एक बसवलेले.

सर्वांत बाहेरचा कागद उलगडून सपाट ठेवू. उजव्या अर्ध्यावर मुखपृष्ठ, म्हणजे पान १. त्याच्या डावीकडे छापलंय पान १६. कागद पालथा केला की डावीकडे २ आणि उजवीकडे १५. आता दुसरा कागद. एका बाजूला १४ आणि ३, मागे ४ आणि १३. पान ३ वर गणपतीची आरती आहे, पान १४ वर शेवटची प्रार्थना. म्हणताना दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर, पण कागदावर त्या शेजारी-शेजारी आहेत.

तिसऱ्या कागदावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९.

[दृश्य: चारही कागद ओळीने मांडलेले. जोड्यांवर बोट फिरतं.]

या जोड्यांची बेरीज करून पाहा. १६ आणि १, १४ आणि ३, ८ आणि ९. प्रत्येक वेळी १७ येते. एका कागदाचा उजवा अर्धा पुस्तिकेच्या सुरुवातीकडून जितका आत असतो, तितकाच डावा अर्धा शेवटाकडून आत असतो. एक बाजू एकाने वाढते तेव्हा दुसरी एकाने घटते, म्हणून बेरीज हलत नाही. बारा पानांची पुस्तिका असेल तर ती १३ येईल, वीस पानांची असेल तर २१. विषम पान कायम उजवीकडे. उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते, तिथे बाजू उलटतात, पण बेरीज तीच राहते.

छपाईच्या भाषेत पानांच्या या मांडणीला इम्पोझिशन म्हणतात. ती कुठे बिघडते, हे मी एका वाया गेलेल्या छपाईतून शिकलो. डिझाइन करणाऱ्याने फाइल जोडपानांची केली होती, वाचताना दिसतात तशी: मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकत्र, मग २-३, ४-५, ६-७. पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. कागद दोन्ही बाजूंनी छापले, दुमडले, पिना मारल्या. पुस्तिका उघडली तर १, २ आणि त्यानंतर थेट ५. मग ६, मग ९ आणि १०. मधल्या पिनेपाशी १४ आणि १५ समोरासमोर, आणि तिथून पुढे १२, ११, ८, ७ असं उलटं. दोनच्या समोर तीन हवं होतं. पण तीन दोनच्याच कागदावर छापलं गेलं होतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये आतले तीन कागद येऊन बसले होते. तुमच्या पुस्तिकेत दोननंतर पाच दिसलं, तर चूक हीच आहे. फाइल नेहमी सुट्या पानांची द्यावी, १ ते १६ क्रमाने. जोड्या लावायचं काम त्यानंतरचं.

घरच्या प्रिंटरवर हे काम अॅक्रोबॅट रीडर करतो. छापण्याच्या खिडकीत Booklet निवडलं की १७ची बेरीज तो स्वतः सांभाळतो. दोन्ही बाजूंनी छापताना मात्र Flip on short edge हवं, म्हणजे कागद आखूड कडेवरून उलटतो. लांब कडेवरून उलटला तर पान १ च्या पाठीमागे १५ येतं, तेही डोकं खाली. म्हणून आधी एकच कागद छापायचा आणि उजेडात धरायचा. एकच्या मागे दोन, आणि दोन्हींचं डोकं वर असेल, तर पुढचे छापा.

[दृश्य: छापखाना. मोठा ताव मशीनमधून बाहेर पडतो. त्यावर काही पानं सरळ, काही उलटी.]

प्रती हजारोंनी काढायच्या असतील तर छापखाना चार वेगळे कागद घेत नाही. एकाच मोठ्या तावावर पुढे आठ आणि मागे आठ पानं येतात. ताव तीनदा दुमडला की सोळा पानी फर्मा तयार होतो. इथे बेरजेचा नियम पुरत नाही, कारण अर्धी पानं उलटी ठेवावी लागतात. कुठलं पान कुठे आणि कसं, याची खात्री करून घ्यायला आजही हाताने डमी करतात.

ती आपणही करू. कोरा कागद आडवा घ्या. उजवा अर्धा डाव्यावर आणा. मग वरचा अर्धा खालच्यावर. मग डावा अर्धा उजव्यावर. शेवटची घडी डाव्या हाताला ठेवा, ती पुस्तिकेची पाठ. आता कापायचं नाही. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा उचलून, आत डोकावत आकडे लिहा, १ पासून १६ पर्यंत. हे शांतपणे करा, आतली पानं घड्यांमध्ये लपलेली असतात.

[दृश्य: डमी हळूहळू उलगडते.]

आता ताव पूर्ण उलगडा आणि पान १ असलेली बाजू वर ठेवा. खालच्या ओळीत डावीकडून ४, १३, १६, १. वरच्या ओळीत ५, १२, ९, ८, आणि हे चारही उलटे. त्यांची डोकी खालच्या ओळीच्या डोक्यांना भिडलेली आहेत, कारण दुसरी घडी तिथेच पडली. पालथ्या बाजूला खाली २, १५, १४, ३ आणि वर ७, १०, ११, ६. आडव्या जोड्या इथेही १७च्याच.

मोठ्या तावात पहिली घडी पानांच्या उघडत्या कडेला येते आणि दुसरी डोक्याला. पिना मारून तीन बाजू छाटल्या की घड्या कापल्या जातात आणि पानं मोकळी होतात. म्हणून कटिंगची जागा आधीच सोडलेली असते.

आणखी एक गोष्ट मांडणी करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. आपल्या चार कागदांच्या पुस्तिकेत समोरासमोर येणारी आणि एकाच कागदाच्या एकाच बाजूवर छापलेली पानं फक्त ८ आणि ९. गणपतीचं दोन पानी चित्र तिथेच घालावं. ते ४-५ वर घातलं, तर अर्धं चित्र दुसऱ्या कागदावर आणि अर्धं तिसऱ्यावर जातं. मग घडी केसभर सरकली तरी सोंड जुळत नाही.

जाडीचा प्रश्न सोळा पानांत फारसा येत नाही. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे आतला कागद बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.३ मिलिमीटर पुढे डोकावतो आणि छाटणीत तेवढा जातो. तीच पुस्तिका चौसष्ट पानांची असती तर सोळा कागद आले असते आणि दीड मिलिमीटर गेला असता. तेव्हा आतल्या पानांचा मजकूर पाठीकडे थोडा सरकवावा लागतो, नाहीतर कडेचे पानांचे आकडे छाटणीच्या जवळ जातात.

[दृश्य: छापलेले चार कागद. एकात एक बसवले जातात, पिना अजून मारलेल्या नाहीत.]

पहिली प्रत अशीच सुटी ठेवायची. पानं उलटत आकडे मोठ्याने वाचायचे. एक, दोन, तीन, चार. मधोमध आठ आणि नऊ. मग पुढे सोळापर्यंत. क्रम बरोबर निघाला की स्टेपलर उचलायचा, पाठीची घडी बाहेरच्या बाजूने वर ठेवायची आणि दोन्ही पिना नेमक्या घडीच्या रेषेवर मारायच्या.