गोवर, तायी कार्ड आणि सात महिन्यांचं बाळ

माईक जरा पुढं घ्या. भजनवाले मागं येऊन बसलेत, मला पंधरा मिनिटं दिल्यात, तरी आधी कार्डाचं बोलणार, ते डोक्यातनं जाईना झालंय.

आपल्याकडं ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात न्हवं? त्यांच्या पोरांचं लसीकरणाचं कार्ड मराठीत, आपलं कर्नाटकातलं आई-बाळाचं तायी कार्ड कन्नडात. एका सेंटरात बघितलं मी, बाईनं पिशवीतनं प्लास्टिकात गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं, तिथल्या माणसानं उलटंपालटं करून बघितलं आणि "तुमच्या गावात घ्या जावा" म्हणून लावून दिलं. गाव कुठं, फड कुठं! अरे वाचता येत नसलं तर विचार की, पोराचं वय आणि तारखा एवढंच तर बघायचंय. सीमावाद तुमचा-आमचा, गोवर काय नाक्यावर थांबतोय व्हय? (हशा) अण्णा, हसू नका, तुमच्याच फडावरची होती ती.

बरं, मुद्दा. गोवराची पहिली लस नऊ महिने भरल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. आधी का नाही? आईकडनं आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असते, ती लसीला नीट लागू होऊ देत नाही, आणि स्वतःही ओसरत चाललेली असते. म्हणजे सात महिन्यांचं बाळ अधांतरी. गरोदर बाईलाही ही लस देत नाहीत, कॅन्सरचं औषध चालू असलेल्या पोरालाही नाही. यांना वाचवायचं म्हणजे गोवर त्यांच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही, एवढाच मार्ग.

आता हिशोब, पटापट सांगतो, टाळ काढलेत त्यांनी. कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक पेशंट 12 ते 18 जणांना लावतो, आपण 15 धरू. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासनं तो पसरवतो, म्हणून "पुरळ दिसलं की घरात ठेवू" चालत नाही. शंभरातले 80 सुरक्षित असले तर त्या 15 मधले तिघं सापडतात, तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. 95 सुरक्षित असले तर सरासरी एक माणूसही पुरता सापडत नाही, साखळी तुटते आणि ते सात महिन्यांचं बाळ सुई न टोचता वाचतं. नवव्या महिन्यातल्या एका डोसानं शंभरातली साधारण 15 पोरं तशीच राहतात, म्हणून दुसरा डोस चुकवायचा नाही.

आणि तालुक्याचा आकडा 95 आला म्हणून खूश होऊ नका, राहिलेली सगळी पोरं एकाच फडावरच्या झोपड्यांत असली तर तिथं तो आकडा काय कामाचा? धनुर्वाताला मात्र हा हिशोब लागू नाही, तो माणसाकडनं माणसाला जात नाही, शेजाऱ्यानं टोचून घेतलं म्हणून तुम्ही सुटत नाही.

झालं, झालं, थांबतो. अण्णा, लसीकरणाच्या दिवशी फडावरच्या पोरांना ट्रॅक्टरातनं घेऊन या, कार्ड कुठल्याबी भाषेतलं असू दे, मी असतो तिथं वाचायला.