पावसाचा नकाशा कोण आखतं?

(दृश्य: पावसाळी ढग, त्यावर महाराष्ट्राचा नकाशा उमटतो.)

"कोकण, गोव्यात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, विदर्भात काही ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडला."

पावसाळ्याच्या दिवसांत हे वाक्य आपण रोज ऐकतो. सोलापूरचा शेतकरीही ऐकतो आणि नंदुरबारचाही. पण सोलापूर यात नेमकं कुठे बसतं? खान्देशाचं नावच नाही, मग तो कशात आला? आणि महाराष्ट्राच्या पावसाची बातमी सांगताना गोवा मध्येच कसा येतो?

ही नावं जिल्ह्यांची नाहीत, राज्यांचीही नाहीत. ही आहेत भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या हवामान उपविभागांची नावं. देशाचे असे ३६ उपविभाग आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले चार येतात आणि त्यातल्या एकात गोवा सामील आहे.

(दृश्य: देशाचा नकाशा, ३६ तुकडे वेगवेगळ्या रंगांत.)

हा नकाशा पहिल्यांदा पाहणारा गोंधळतोच. हरियाणा, चंडीगड आणि दिल्ली मिळून एक उपविभाग. आसाम आणि मेघालय मिळून एक. पश्चिम बंगालचे मात्र दोन तुकडे, आणि त्यातला हिमालयाच्या पायथ्याचा तुकडा सिक्कीमला जोडलेला. पुदुच्चेरी हा एकच केंद्रशासित प्रदेश, पण त्याचा पाऊस तीन ठिकाणी मोजला जातो. पुदुच्चेरी आणि कराईकल तमिळनाडूबरोबर, माहे केरळबरोबर, यानम किनारी आंध्रबरोबर. दमण गुजरात विभागात आणि दीव सौराष्ट्र-कच्छमध्ये.

कारण सरळ आहे. माहेचा कारभार पुदुच्चेरीहून चालतो, पण तिथला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि जूनमध्ये केरळबरोबर सुरू होतो. पुदुच्चेरी शहराला मोठा पाऊस मिळतो तो ऑक्टोबरपासून, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात. या दोघांची सरासरी काढली, तर ती कोणत्याच गावाला लागू पडणार नाही.

म्हणजे उपविभागाची पहिली कसोटी अशी की आत येणाऱ्या सगळ्या भागाचा पाऊस साधारण एकाच कारणाने, एकाच काळात आणि एकाच मानाने पडावा. ही कसोटी प्रत्यक्षात किती पाळली जाते, हे पाहायला आपल्या राज्यासारखी जागा नाही.

(दृश्य: सह्याद्रीचा उभा छेद. डावीकडे समुद्र, मध्ये कडा, उजवीकडे पठार.)

नैर्ऋत्येकडून आलेले बाष्पाने भरलेले वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीवर आदळतात आणि वर चढतात. चढताना हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि कोकणात, त्याहूनही जास्त घाटमाथ्यावर, कोसळतं. कडा ओलांडून हवा खाली उतरू लागली की ती तापते, कोरडी होते. तोच पर्जन्यछायेचा प्रदेश. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकण-गोव्याची सरासरी सुमारे २,८७० मिलिमीटर आहे. कड्यापलीकडच्या मध्य महाराष्ट्राची साधारण ७५० आणि त्याच्याही पूर्वेला मराठवाड्याची ६४० च्या आसपास.

विदर्भात आकडा पुन्हा वाढतो, ९४० च्या जवळ जातो. कारण विदर्भाच्या पावसाचं दार दुसरं आहे. बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा पूर्व विदर्भ भिजतो. म्हणून एकाच आठवड्यात गडचिरोलीत पूर आणि बीडमध्ये उघडीप, असं घडतं.

इथवर सगळं निसर्गाच्या हिशेबाने चाललं आहे. आता नकाशाजवळ जाऊ या.

(दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा. जिल्ह्यांच्या सीमा आधी फिकट, मग ठळक.)

मध्य महाराष्ट्र या उपविभागात दहा जिल्हे येतात. नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर. ही यादी महसूल खात्यातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. नाशिक विभाग अधिक पुणे विभाग, तंतोतंत. तसाच मराठवाडा म्हणजे छत्रपती संभाजीनगर विभाग आणि विदर्भ म्हणजे अमरावती अधिक नागपूर विभाग.

म्हणजे हवामानशास्त्रज्ञांनी कोऱ्या कागदावर नवी रेषा आखलेली नाही. जिल्ह्यांच्या ज्या रेषा आधीच होत्या, त्यातल्या पावसाच्या फरकाला सर्वांत जवळच्या रेषा त्यांनी उचलल्या. याला व्यवहारी कारण आहे. पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी असतो, त्याची नोंद जिल्ह्याच्या हिशेबात जाते आणि जिल्ह्यांची बेरीज होऊन उपविभागाचा आकडा तयार होतो. जिल्हा मधोमध कापला, तर ही साखळी तुटते.

पण त्यामुळे पावसाची खरी सीमा उपविभागाच्या आतच राहून जाते. आंबोली घाटमाथ्यावर आहे, पण सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणून तिचा पाऊस कोकणात धरला जातो. गगनबावडा, महाबळेश्वर, लोणावळा, इगतपुरी हीसुद्धा घाटमाथ्याचीच गावं. मात्र ती कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक जिल्ह्यांत असल्याने त्यांचा धो-धो पाऊस सोलापूर आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्याबरोबर एकाच हिशेबात येतो.

(दृश्य: सातारा जिल्हा. पश्चिमेला हिरवे डोंगर, पूर्वेला माणदेशाचं माळरान.)

एकटा सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. समजा, एका आठवड्यात महाबळेश्वरला १,१०० मिलिमीटर पडला आणि उरलेल्या दहा तालुक्यांत प्रत्येकी ५०. प्रत्येक तालुक्याचा एक आकडा धरून साधी सरासरी काढली, तर जिल्ह्याचा पाऊस येतो १४५ मिलिमीटर. अकरापैकी एकाही तालुक्यात न पडलेला पाऊस.

जिल्ह्यांकडून उपविभागाकडे जाताना हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. तिथे साधी सरासरी नसते, जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचं वजन दिलं जातं. मोठ्या जिल्ह्याला जास्त वजन मिळतं, हे रास्तच आहे. तरी एक अडचण उरते, आणि ती कळण्यासाठी थोडं गणित करावं लागेल.

(दृश्य: पडद्यावर आकडे एकेक करून येतात.)

दोन जिल्ह्यांचा एक काल्पनिक उपविभाग घेऊ. पहिला कोल्हापूरच्या जातीचा: क्षेत्रफळ ८,००० चौरस किलोमीटर, हंगामाची सरासरी १,७०० मिलिमीटर. दुसरा अहिल्यानगरच्या जातीचा: १७,००० चौरस किलोमीटर, सरासरी ४५० मिलिमीटर. क्षेत्रफळाचं वजन देऊन दोघांची मिळून सरासरी येते बरोबर ८५० मिलिमीटर.

आता असं वर्ष घ्या, की पहिल्या जिल्ह्यात तीस टक्के जास्त पाऊस झाला, म्हणजे २,२१० मिलिमीटर. दुसऱ्यात तीस टक्के कमी, म्हणजे ३१५. पुन्हा वजन देऊन बेरीज केली, तर उपविभागाचा पाऊस येतो ९२१ मिलिमीटर. सरासरीपेक्षा आठ टक्के जास्त.

हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीच्या १९ टक्क्यांपर्यंत खाली किंवा वर असलेला पाऊस 'सर्वसाधारण' समजला जातो. २० ते ५९ टक्के घट असेल तर 'तूट', ६० पासून पुढे 'मोठी तूट'. आपला काल्पनिक उपविभाग नकाशावर हिरवा दिसेल, सर्वसाधारण म्हणून. त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त जमिनीवर तीस टक्क्यांची तूट असताना.

चूक गणिताची नाही. तुलना टक्क्यांची दिसते, पण बेरीज मिलिमीटरची होते. ओल्या जिल्ह्याचे तीस टक्के म्हणजे ५१० मिलिमीटर, कोरड्या जिल्ह्याचे तीस टक्के म्हणजे १३५. कोरड्या जिल्ह्याच्या दुप्पट जमिनीचं वजनही ही दरी भरून काढू शकत नाही. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. कारण ज्या शेतकऱ्याला त्या १३५ मिलिमीटरची खरी गरज होती, तोच या बेरजेत दिसेनासा होतो.

'काही ठिकाणी', 'तुरळक ठिकाणी' हे शब्दही असेच मोजून वापरलेले असतात. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत उपविभागातल्या किती केंद्रांवर किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला, ते पाहतात. पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर झाला तर तुरळक, निम्म्यापर्यंत काही, पाऊणपर्यंत बऱ्याच, त्यापुढे बहुतांश. या शब्दांतून पाऊस किती पसरला ते कळतं, किती पडला ते कळत नाही. आणि पंचवीस टक्के केंद्रं कोणती, पश्चिमेची की पूर्वेची, हेही कळत नाही.

(दृश्य: जुनी नोंदवही, पावसाच्या आकड्यांचे रकाने.)

मग घाटमाथ्याचा वेगळा उपविभाग का करत नाहीत? सर्वांत मोठी अडचण जुन्या नोंदींची आहे. आजचा पाऊस कमी की जास्त, हे ठरवायला मागची सरासरी लागते, आणि सध्याची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवर बेतलेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभरातल्या ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून उपविभागवार पावसाची मालिका थेट १८७१ पासून तयार केली. उपविभागाच्या रेषा वारंवार हलवल्या, तर अशा मालिकेत १९१८ च्या दुष्काळाची आजच्या वर्षाशी तुलनाच करता येणार नाही.

जिल्हे मात्र हलत राहतात. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्याच वर्षी तेलंगणा राज्य झालं, पुढे तिथले दहा जिल्हे तेहतीस झाले. कोकण-गोवा आणि तेलंगणा हे हवामान उपविभाग या बदलांच्या आधीपासून होते आणि नंतरही राहिले. राज्याचं नाव मिळण्याच्या कितीतरी आधी तेलंगणाचा पाऊस स्वतंत्र मोजला जात होता.

रेषा तशीच ठेवून आतल्या फरकाला वाट करून देण्याचे मार्ग आता वाढले आहेत. पुणे घाट, सातारा घाट, कोल्हापूर घाट अशा नावांनी घाटमाथ्याचे इशारे वेगळे दिले जातात. रायगडला लाल इशारा, पुणे घाटाला लाल आणि पुणे शहराला पिवळा, असा दिवस पावसाळ्यात नवा राहिलेला नाही. राज्यात महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत बसली आहेत, त्यामुळे मंडळाच्या पातळीवरचा आकडाही मिळतो.

(दृश्य: आठवड्याचा पावसाचा नकाशा. मध्य महाराष्ट्र हिरवा. त्यावर जिल्ह्यांचा नकाशा येतो, अहिल्यानगर लाल.)

म्हणून बातमीत 'मध्य महाराष्ट्रात सरासरीइतका पाऊस' असं ऐकलं, की हवामान विभागाचाच जिल्हावार तक्ता उघडा आणि आपल्या जिल्ह्याची टक्केवारी पाहा. जिल्ह्याच्या पश्चिमेला घाट आणि पूर्वेला माळ असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. तालुक्याचा आकडा घ्या, मंडळाचा मिळाला तर तो घ्या, आणि मग त्याच जागेच्या जुन्या सरासरीशी ताडून पाहा.