मांडीच्या मागची नस: खेळाआधी हलवायची, खेळानंतर धरायची

(शाळेचं मैदान, सकाळी साडेसात. मागे खो-खोचा खांब. मॅडम कॅमेऱ्याकडे बघून बोलतात.)

नमस्कार पोरांनो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत खेळ शिकवते. आज आपण शरीराचा एकच भाग घेणार आहोत. हा बघा, मांडीच्या मागचा. (हाताने दाखवतात, नितंबापासून गुडघ्याच्या खाचेपर्यंत.) पळताना दुखावतो तो बरेचदा हाच. आपण त्याला 'मागची नस' म्हणतो. खरं तर ती नस नाही, स्नायू आहे. पण तुम्ही नस म्हणा, मला समजते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. डिसेंबरचा महिना होता, तालुक्याला खो-खोची स्पर्धा. आम्ही सहा वाजताच टेम्पोत बसून निघालो. उतरलो तेव्हा पोरं कानटोप्या घालून कुडकुडत होती. आमच्या आठवीतल्या एका पोराने उतरल्या-उतरल्या पाय सरळ करून बसून अंगठे धरले आणि झटके देऊन देऊन ताणायला लागला. मी बघितलं, काही बोलले नाही, कारण तेव्हा मलाही ते बरोबरच वाटायचं. दुसऱ्या डावात खो मिळाला, तो उठला, तीन-चार पावलं जोरात टाकली आणि मांडी धरून खाली बसला. पुढचे तीन आठवडे तो मैदानाच्या कडेला बसून होता. ती माझी चूक होती, त्याची नाही.

झालं काय असेल? थंडीत गुळाची भेली कशी कडक होते, माहीत आहे ना? वाकवायला गेलं की तुकडा पडतो. तीच भेली जरा गरम झाली की बोटाने दबते. स्नायूचंही काहीसं तसंच. तो गरम झाला की लवकर आकसतो, लवकर सैल होतो. आणि जोरात पळताना या मागच्या स्नायूवर सगळ्यात जास्त ताण कधी येतो, ठाऊक आहे? पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकणार असतो, त्या क्षणी. तेव्हा तो लांबलेला असतो आणि पायाला ब्रेकही तोच लावत असतो. दोन्ही कामं एकदम. गार स्नायूला ते झेपत नाही.

मग खेळाआधी काय करायचं? बसून ताणायचं नाही. हलायचं.

आधी जागा बघून घ्या. आपली काळी माती सुकली की भेगा पडतात, आणि कडेला गोखरूचे काटे असतात. भेगेत पाय अडकला तर घोटा मुरगळतो, म्हणून पळायचा पट्टा आधी चालून बघायचा.

आता तीन मिनिटं हळू पळा. शेजारच्याशी बोलता येईल इतकं हळू. कपाळाला किंवा पाठीला थोडा घाम आला की समजायचं, अंग तापलं. डिसेंबरमध्ये तीन मिनिटं पुरत नाहीत, पाच लागतात. स्वेटर घाम आल्यावर काढा, आधी नाही.

(खांबाजवळ येतात.)

खांब धरून उभे रहा. एक पाय पुढे-मागे झुलवा, झोका देतो तसा. पहिले तीन झोके गुडघ्याच्या उंचीपर्यंतच, मग थोडे वर, दहाव्या झोक्याला कंबरेपर्यंत गेला तरी पुष्कळ. पाठ वाकवून पाय उंच नेला तर ताण मांडीला जात नाही, कंबरेला जातो. मग दुसरा पाय.

त्यानंतर दहा लांब पावलं, प्रत्येक पावलाला गुडघा वाकवून खाली बसायचं. त्यापुढे टाचा मागे नितंबाला लावत पंधरा पावलं पळा, परत येताना गुडघे वर उचलत या.

आणि शेवटी खेळातलीच हालचाल, जी पोरं नेहमी विसरतात. पाटीत बसा, जसे खो-खोत बसता तसे. उठा आणि चार पावलं पळा, पण अर्ध्या जोराने. परत बसा. आता पाऊण जोराने. मग पूर्ण. पूर्ण जोर पहिल्यांदाच सामन्यात लावायचा नाही. सगळं मिळून दहा मिनिटं होतात.

कोणी विचारेल, मॅडम, मग आधी ताणून धरलं तर बिघडते काय? स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला की थोडा वेळ त्याचा जोर कमी पडतो. पाटीतून उठताना तुम्हाला जो झटका पाहिजे, तोच कमी मिळतो. म्हणून धरून ठेवायचं ताणणं खेळानंतर.

(सावलीत, कडुलिंबाखाली. मुलं घामाघूम.)

खेळ संपला की धपकन बसू नका. पळताना पोटऱ्या आणि मांड्या दर पावलाला रक्त दाबून वर हृदयाकडे ढकलतात. तुम्ही एकदम थांबलात की ते पायातच साचते, डोक्याला कमी पोचते, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून तीन-चार मिनिटं चाला, श्वास शांत होऊ द्या, घोट-घोट पाणी प्या. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतही ऊन तापलेलं असतं, तेव्हा हे चालणं सावलीतच.

आता बसा. उजवा पाय सरळ, डाव्या पायाचा तळवा उजव्या मांडीला आतून टेकवा. पाठ सरळ ठेवून कंबरेतून पुढे झुका. हात घोट्यापर्यंत पोचो की नडगीपर्यंत, फरक पडत नाही. ताण मांडीच्या मधोमध जाणवला पाहिजे. गुडघ्याच्या मागे टोचल्यासारखं वाटलं तर गुडघा जरासा वाकवा. झटके नाही. पाठीवर कोणी दाबायचं नाही, दोस्तानेही नाही. वीस आकडे हळू मोजा, श्वास चालू ठेवा. प्रत्येक पायाला दोन वेळा.

सहावी-सातवी-आठवीतल्या पोरांसाठी एक गोष्ट. मागच्या वर्षी अंगठा धरता यायचा, आता येत नाही, असं होते. तुम्ही आळशी झाला नाहीत. हाडं भरभर लांबली, स्नायू अजून मागे आहेत. शेजारच्याशी तुलना करू नका. रोज हे केलं तर काही आठवड्यांत हात पुढे सरकतो. पण दुसऱ्या दिवशी पाय भरून येणं यानं थांबत नाही, तशी आशा ठेवू नका.

आणि पाय भरलाय की दुखावलाय, हे ओळखायचं कसं? भरलेला पाय दुसऱ्या दिवशी दुखतो, दोन्हीकडे, सगळ्या मांडीभर. दुखावलेला पाय पळता-पळता चटकन दुखतो, एकाच बाजूला, आणि बोटाने दाबलं की नेमकी जागा सापडते. तसं झालं तर तिथेच थांबा. घरी कोणी म्हणेल, ये बाबू, तेल लावून चोळून देतो. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. माठातल्या पाण्यात कापड भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. काळंनिळं पडलं किंवा पायावर भार देता येत नसेल तर दवाखान्यात जा.

वीस आकडे झाले? चला, आता डावा पाय सरळ.