बंद व्हॉल्व्ह आणि सत्तर टक्क्यांचा ब्लॉक

मध्यंतरी एक मुलगा वडिलांच्या अँजिओग्राफीची सीडी घेऊन माझ्याकडे आला. वडील येळ्ळूरच्या बाजूचे भातशेतीवाले, वय 58. राजहंसगडाचा चढ चढताना त्यांची छाती भरून यायची आणि थांबलं की दोन मिनिटांत मोकळी व्हायची. सीडीत दोन ब्लॉक दिसत होते. उजव्या धमनीत सत्तर टक्के, आणि हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या एलएडी या मोठ्या धमनीत पंचावन्न टक्के. मुलगा म्हणाला, "सत्तरवाल्यात स्टेंट घालायचा आणि पंचावन्नवाला गोळ्यांवर ठेवायचा, असंच ना डॉक्टर?" कोणालाही हेच वाटेल. प्रत्यक्षात आम्ही नेमकं उलटं केलं. का केलं, ते आज सांगणार आहे.

अँजिओग्राफीत आपल्याला धमनी दिसत नाही, धमनीत भरलेल्या औषधाची सावली दिसते. सावली जिथं बारीक झाली तिथं ब्लॉक आहे, इतकं कळतं. पण त्या बारीक जागेतून रक्त किती जातं, ते सावली सांगत नाही. ब्लॉक आखूड आहे की लांबलचक, त्याच्या पुढं हृदयाचा किती मोठा स्नायू त्या रक्तावर जगतो, ही माहिती टक्क्यांत नसते. एकाच सीडीवरून दोन अनुभवी डॉक्टर साठ आणि पंचाहत्तर असे वेगवेगळे आकडे सांगू शकतात, आणि दोघंही प्रामाणिक असतात.

आता शेतावर चला. मार्कंडेय नदीवर मोटर बसवली आहे, तिथून पाईप शेताच्या टोकापर्यंत आणला आहे, आणि मधे एका जागी ट्रॅक्टर जाऊन पाईप चेपला आहे. मोटरीजवळ दाबाचा एक मीटर लावा, शेताच्या टोकाला दुसरा. टोकाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाहिलंत तर दोन्ही मीटर सारखंच दाखवतील आणि चेपलेल्या पाईपचा पत्ताही लागणार नाही. पाणी वाहतच नसेल तर चेपलेल्या जागेत दाब खर्च होणार कसा? व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पाणी जोरात धावू द्या, म्हणजे टोकाचा मीटर खाली येतो. किती खाली येतो, तेवढी त्या चेपण्याची किंमत. व्हॉल्व्ह उघडल्यावर मोटरीजवळचा दाबही थोडा उतरतो, म्हणून नुसत्या फरकाकडं न बघता टोकाच्या दाबाला मोटरीजवळच्या दाबानं भागायचं.

हृदयात हे व्हॉल्व्ह म्हणजे स्नायूच्या आतल्या, अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. आपण बसलेलो असताना त्या बऱ्याचशा आकसलेल्या असतात. वरच्या मोठ्या धमनीत ब्लॉक तयार होऊ लागला की त्या आपोआप थोड्या उघडतात आणि तूट भरून काढतात. लान्स गूल्ड यांनी 1974 मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हे नेमकं दिसलं. धमनीचा व्यास साधारण 85 टक्के आवळला जाईपर्यंत विश्रांतीचा प्रवाह जवळजवळ कमी झाला नाही, पण जास्तीत जास्त प्रवाह मात्र तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपासूनच घटायला लागला. म्हणून काकांना ओट्यावर बसून काही होत नव्हतं आणि गडाच्या चढावर छाती भरत होती. राखीव ताकद ब्लॉकनं आधीच खाल्ली होती.

मग मोजायचं असेल तर सगळे व्हॉल्व्ह उघडून मोजलं पाहिजे. नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्रुइन यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत बसवली, आणि तिला आम्ही एफएफआर म्हणतो. ॲडेनोसिन नावाचं औषध देऊन बारीक वाहिन्या पूर्ण उघडायच्या. त्या पूर्ण उघडल्या की त्यांचा अडथळा कमीत कमी आणि स्थिर होतो, आणि मग प्रवाह दाबाच्याच प्रमाणात चालतो. त्यामुळं दोन दाबांचा भागाकार हाच दोन प्रवाहांचा भागाकार होतो. उत्तर 0.80 आलं, तर धमनी निरोगी असती तेव्हा स्नायूला कमाल जेवढं रक्त मिळालं असतं, त्याच्या 80 टक्के मिळतंय. त्या रेषेवर किंवा खाली आकडा आला तर स्टेंटनं फरक पडण्याची शक्यता चांगली. वर राहिला तर सहसा गोळ्या पुरतात.

काकांना टेबलावर घेतलं. मनगटातून नळी धमनीच्या तोंडाशी नेली. त्या नळीतून केसासारखी बारीक वायर आत जाते, आणि तिच्या टोकापासून सुमारे तीन सेंटिमीटर मागं दाब मोजणारा सेन्सर असतो. सेन्सर आधी नळीच्या तोंडाशी थांबवून दोन्ही दाब बरोबर सारखे करून घेतले. ही पायरी घाईत गेली तर पुढचं सगळं मोजमाप खोटं. मग धमनी आकसू नये म्हणून नायट्रोग्लिसरीन दिलं आणि सेन्सर एलएडीतल्या ब्लॉकच्या पुढं नेला. स्क्रीनवर Pa म्हणजे नळीच्या तोंडाशी, ब्लॉकच्या आधीचा दाब 92, Pd म्हणजे ब्लॉकच्या पुढचा 84. विश्रांतीत भागाकार 0.91.

शिरेतून ॲडेनोसिन सुरू केलं, दर किलो वजनाला मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम. आकडा उतरला आणि 0.83 वर थांबला. इथंच काम संपवता आलं असतं. ब्लॉक पंचावन्न टक्के, एफएफआर 0.83, घरी जा. पण मला ते पटेना. ॲडेनोसिन लागू पडलं की माणसाला कळतं. चेहरा गरम होतो, छातीवर दडपण येतं, श्वास भरतो, आणि रक्तदाब थोडा उतरतो. काका शांत पडून होते आणि Pa जागचा हलला नव्हता.

मी विचारलं, "काका, सकाळी चहा घेतलात?"

"घेतला की. उपाशी राहायचं म्हणून खाल्लं काही नाही, पण स्टँडवर दोन कप चहा झाला."

चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्याच जागा अडवून बसतं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडतात, प्रवाह पूर्ण वाढत नाही, आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. ही चूक नेहमी एकाच दिशेला जाते, म्हणजे गरज असलेला ब्लॉक सोडून दिला जातो. त्यात दोष त्यांचा नव्हता. चहा चालणार नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडं उपवासालाही चहा चालतो, मग त्यांनी का थांबावं? आता हे आम्ही आदल्या दिवशी स्पष्ट बोलून सांगतो, नुसतं कागदावर लिहून देत नाही.

कॅफिनचा ज्याच्यावर परिणाम होत नाही असं निकोरँडिल आम्ही थेट धमनीत दिलं. यावेळी काका म्हणाले, "छाती जरा जड झाली." Pa 84, Pd 61. भागाकार 0.73.

यानंतर एक काम उरतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे. वायर हळूहळू मागं ओढत आकडा बघत राहायचं. काकांच्या एलएडीत ब्लॉकपाशी येताच Pd एकदम उसळून वर आला. सगळा दाब त्या एका जागीच खर्च होत होता. अशा ठिकाणी स्टेंट उपयोगी पडतो. त्याच आठवड्यात मधुमेह असलेल्या एका बाईंचा आकडा 0.76 आला होता, पण वायर ओढताना दाब थोडा थोडा करत धमनीभर वाढत गेला, कुठंच उडी नव्हती. धमनी पूर्ण लांबीत आतून जाड झाली होती. आकडा 0.80 च्या खाली असूनही तिथं स्टेंट घालून फारसं काही मिळालं नसतं. एका जागी पाईप चेपला असेल तर तो तुकडा बदलता येतो, पण पूर्ण पाईप गाळानं भरला असेल तर एक तुकडा बदलून काय होणार?

सेन्सर नळीच्या तोंडाशी परत आला तेव्हा दोन्ही दाब पुन्हा सारखे आले. ते आले नसते तर सेन्सरचं मोजमाप वाटेत बिघडलं असं धरून मोजणी पुन्हा करावी लागली असती.

आता उजवी धमनी, सत्तर टक्क्यांची. Pa 86, Pd 77, म्हणजे 0.90. असं कसं? काकांची उजवी धमनी मुळातच लहान होती आणि थोड्याच स्नायूला रक्त देत होती. पुढं मागणीच कमी, त्यामुळं अरुंद जागेतूनही पुरेसं जात होतं. एलएडीच्या पुढं मात्र हृदयाचा फार मोठा भाग होता. फेम नावाच्या मोठ्या चाचणीत हेच दिसलं. डोळ्यांना 50 ते 70 टक्के वाटलेल्या ब्लॉकांपैकी फक्त 35 टक्के 0.80 किंवा त्याखाली निघाले, आणि 71 ते 90 टक्के वाटलेल्यांतही पाचातला एक वरच राहिला. दाब मोजून स्टेंट घातलेल्यांना कमी स्टेंट लागले, आणि वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रक्रिया अशा घटना 18.3 ऐवजी 13.2 टक्के झाल्या.

हे सगळं चढावर दुखणाऱ्या, स्थिर आजाराच्या माणसासाठी आहे. आत्ता चालू असलेल्या मोठ्या हार्ट अटॅकमध्ये ज्या धमनीमुळं अटॅक आला, तिच्यात एफएफआर करत बसायचं नसतं. तिथं बारीक वाहिन्याच दुखावलेल्या असतात, त्या पूर्ण उघडत नाहीत, आणि आकडा खोटा दिलासा देतो. तिथं धमनी उघडणं हेच काम. ॲडेनोसिनमुळं दम्याच्या पेशंटला त्रास होऊ शकतो, म्हणून तेही आधी विचारावं लागतं.

एलएडीत स्टेंट घातल्यावर आम्ही परत मोजलं. Pa 86, Pd 78, म्हणजे 0.91. खोलीबाहेर मुलानं मला गाठलं आणि विचारलं, "सत्तरवाला तसाच ठेवलात? उद्या काही झालं तर?" प्रश्न रास्त होता. मी त्याला डिफर नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात 0.75 किंवा वर आकडा असलेल्या लोकांचे दोन गट केले होते, एकात स्टेंट किंवा फुग्यानं ब्लॉक उघडला आणि दुसऱ्यात तो तसाच ठेवला. 15 वर्षांनी ब्लॉक तसाच ठेवलेल्या गटात हार्ट अटॅक 2.2 टक्के होते, आणि उघडलेल्या गटात 10 टक्के. गोळ्या मात्र दोन्ही गटांतल्या माणसांना घ्याव्याच लागतात. काकांना ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारी आणखी एक गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिली आहे, आणि तंबाखूची डबी मुलाच्या ताब्यात गेली आहे. सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले. गडाच्या निम्म्या चढापर्यंत न थांबता गेलो, म्हणाले. त्याच्या वर अजून गेलो नाही, भात लावणी चालू होती.