वाळूचा ढीग पसरतो तेव्हा: दोन चलांचा चेन रूल

बांधकामाच्या साइटवर कोरड्या वाळूचा ढीग पडला आहे असं डोळ्यांसमोर आणा. आकार शंकूचा, पायाची त्रिज्या ३ मीटर आणि उंची २ मीटर. शंकूचं घनफळ V = (1/3)πr²h, म्हणजे इथे 6π, सुमारे १८.८५ घनमीटर. साइटवरच्या हिशेबात साडेसहा ब्रासहून थोडी जास्त वाळू. आता फावड्यांनी माथ्यावरची वाळू चहूबाजूंनी खाली ओढली जाते आहे. ढीग शंकूसारखाच राहतो, पण बसका होत जातो. एका विशिष्ट क्षणी मोजलं तर त्रिज्या मिनिटाला ३ सेंटिमीटरने वाढते आहे आणि उंची मिनिटाला ४ सेंटिमीटरने घटते आहे. त्या क्षणी ढिगातली वाळू वाढते आहे, घटते आहे की तेवढीच आहे?

पटकन उत्तर द्यायला सांगितलं तर बरेच जण म्हणतील, घटते आहे, कारण ४ हे ३ पेक्षा मोठे आहेत. पण त्रिज्येतला एक सेंटिमीटर आणि उंचीतला एक सेंटिमीटर यांचं वजन सारखं नाही. आज आपल्याला बघायचं आहे ते हे वजन कसं ठरतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत असताना त्यांची बेरीज का चालते.

आधी उंची गोठवा. ती २ मीटरवरच आहे आणि फक्त त्रिज्या बदलते आहे. मग घनफळ त्रिज्येच्या एका मीटरमागे किती वेगाने बदलतं? हाच r च्या संदर्भातला पार्शल डेरिव्हेटिव्ह: ∂V/∂r = (2/3)πrh. आपल्या ढिगासाठी तो 4π आहे. आता त्रिज्या गोठवा, ∂V/∂h = (1/3)πr², म्हणजे 3π. ही दोन वजनं. प्रत्येक वजनाला त्या त्या चलाच्या वेगाने गुणायचं आणि बेरीज करायची, हाच चेन रूल:

dV/dt = (∂V/∂r)(dr/dt) + (∂V/∂h)(dh/dt)

सगळं मीटरमध्ये घेऊ. पहिला भाग 4π × 0.03 = 0.12π. दुसरा भाग 3π × (−0.04) = −0.12π. बेरीज शून्य. त्या क्षणी वाळू ना वाढते आहे ना घटते आहे. फावडी तीच वाळू इकडची तिकडे करत आहेत, नवीन काही येत नाही की जात नाही, हे या आकड्यांशी जुळतं.

एककांकडे एक नजर टाका. ∂V/∂r चं एकक घनमीटर भागिले मीटर, म्हणजे चौरस मीटर. त्याला मीटर प्रति मिनिटाने गुणलं की घनमीटर प्रति मिनिट मिळतं. दुसऱ्या पदातही तसंच. कुठल्याही पदाचं एकक वेगळं आलं तर गुणाकार चुकीच्या जोडीचा झाला आहे. सेंटिमीटर आणि मीटर यांची सरमिसळ मात्र या तपासणीत सहज निसटते, म्हणून ३ सेंटिमीटरचे ०.०३ मीटर पहिल्यांदाच करून घ्यावेत.

हे उत्तर खरं आहे का, ते चेन रूल न वापरता पडताळून बघू. एक मिनिट जाऊ द्या, वेग तेच ठेवा. त्रिज्या ३.०३, उंची १.९६. आधी r²h हा गुणाकार 9 × 2 = 18 होता. आता 9.1809 × 1.96 = 17.9946. फरक ०.००५४ चा. त्याला π/3 ने गुणलं तर सुमारे ५.७ लिटर वाळू कमी भरली. शून्य म्हणालो होतो आणि ५.७ लिटर निघाले, मग नियम चुकला का? दहा मिनिटं जाऊ द्या. त्रिज्या ३.३, उंची १.६, गुणाकार 17.424. आता तूट ६०० लिटरच्या थोडी वर. वेळ दहापट झाला आणि तूट जवळपास शंभरपट झाली. चूक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते याचा अर्थ वेळ लहान करत नेली की चूक वेळेपेक्षा कितीतरी झपाट्याने आटते. तूट भागिले वेळ हा भागाकार शून्याकडे जातो. dV/dt शून्य म्हणण्याचा अर्थ नेमका एवढाच.

त्या ५.७ लिटरचं कारणही दिसतं. 4π आणि 3π ही वजनं सुरुवातीच्या क्षणाची आहेत. ढीग बसका झाला की वजनं बदलतात. दहाव्या मिनिटाला ∂V/∂r = 3.52π आणि ∂V/∂h = 3.63π. त्याच वेगांनी गुणलं तर dV/dt = −0.0396π, म्हणजे मिनिटाला सुमारे १२४ लिटर घट. खऱ्या साइटवर वाळू अशी नाहीशी होत नाही. मग दहा मिनिटं दोन्ही वेग स्थिर राहतात हे आपलं गृहीतकच तिथे लागू नाही. वाळू तेवढीच राहायची असेल तर चेन रूल उंचीच्या वेगावर अट घालतो: dh/dt = −(2h/r)(dr/dt). त्रिज्या मिनिटाला ३ सेंटिमीटरनेच वाढत राहिली, तर ती ३.३ मीटर होईल तेव्हा उंची १.६५ च्या आसपास असेल आणि ती मिनिटाला फक्त ३ सेंटिमीटरने उतरत असेल, ४ ने नाही. पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये त्या क्षणाचेच r आणि h घालायचे असतात. सुरुवातीचे आकडे घालून पुढच्या वेळेचं उत्तर काढणं ही या विषयातली नेहमी होणारी चूक आहे, आणि ती उत्तरात वरवर पाहून ओळखू येत नाही.

आता बेरीज का चालते ते पाहू. थोड्या वेळात r मध्ये Δr आणि h मध्ये Δh एवढा बदल झाला. हा बदल दोन टप्प्यांत झाला असं समजा. आधी उंची जुन्यावरून नव्यावर नेली, त्रिज्या तशीच. मग नव्या उंचीवर उभं राहून त्रिज्या बदलली. एकूण बदल म्हणजे या दोन टप्प्यांची बेरीज, यात अंदाज काहीच नाही. पहिल्या टप्प्यात फक्त एकच चल हलतो, म्हणून एका चलाचं आपलं नेहमीचं कॅल्क्युलस पुरतं: बदल जवळपास (∂V/∂h)Δh. दुसऱ्या टप्प्यातही एकच चल हलतो, पण तिथला उतार नव्या उंचीवरचा आहे. आपल्याला मात्र तो जुन्या उंचीवरचा हवा आहे. ही अदलाबदल करायला परवानगी आहे का? पार्शल डेरिव्हेटिव्ह सलग असेल, म्हणजे h किंचित हलल्यावर ∂V/∂r ही किंचितच हलत असेल, तर आहे. मग Δt ने भागून Δt शून्याकडे नेलं की नियम मिळतो. सिद्धतेतली ही एकच जागा नाजूक आहे. शेवटी तिच्याकडे परत येऊ.

त्याआधी चिन्हांचा एक घोळ. ∂r आणि dr सारखेच समजून वरखाली काट मारली, तर उजवीकडे दोनदा dV/dt उरतं आणि dV/dt = 2 dV/dt असं काहीतरी निघतं. ∂V/∂r हा अपूर्णांक नाही. ‘उंची गोठवून’ हे शब्द त्या वाकड्या ∂ मध्ये दडलेले आहेत. हा फरक ढिगातच स्पष्ट करून घेऊ. आता फावडी बाजूला ठेवा आणि कन्व्हेयर पट्ट्यावरून वाळू वरून पडू द्या. कोरड्या वाळूचा उतार ठरावीक कोनाच्या पुढे टिकत नाही, ती घसरते. त्यामुळे ढीग वाढताना उंची आणि त्रिज्या यांचं प्रमाण जवळपास कायम राहतं. आपल्या ढिगात ते 2/3 आहे, म्हणजे उताराचा कोन सुमारे ३४ अंश, आणि कोरड्या वाळूला हा शोभतो. h = (2/3)r घातलं तर V = (2/9)πr³, आणि r = 3 असताना dV/dr = 6π.

पण मघाशी त्याच ढिगासाठी आपण 4π काढलं होतं. दोन्ही बरोबर आहेत. 4π हे उंची गोठवून काढलेलं. 6π मध्ये त्रिज्येबरोबर उंचीही वर चढते आहे. त्रिज्या एक मीटर वाढण्याच्या दराने उंची 2/3 मीटरच्या दराने वाढते, आणि उंचीचं वजन 3π. म्हणून 4π + 3π × (2/3) = 6π. हाही चेन रूलच, फक्त वेळेच्या जागी r आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे h ची किंमत घालून V फक्त r मध्ये लिहायचं, 6π काढायचं आणि पुन्हा वर 3π × dh/dt मिळवायचं. मग उंचीचा हिशेब दोनदा होतो. त्रिज्या मिनिटाला ३ सेंटिमीटरने वाढत असेल तर उंची २ सेंटिमीटरने वाढते. खरं उत्तर 6π × 0.03 = 0.18π. दोनदा मोजणाऱ्याला 0.24π मिळेल. एकतर आधी किंमत घालून एकाच चलात काम करावं, नाहीतर दोन्ही चल मोकळे ठेवून दोन पदं लिहावीत.

आता ती नाजूक जागा. f(x, y) = x²y/(x² + y²) असं फलन घ्या, आणि आरंभबिंदूवर f = 0 ठेवा. दोन्ही अक्षांवर f शून्यच आहे, म्हणून आरंभबिंदूवर दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह शून्य. आता x = t, y = t या तिरप्या वाटेने चाला. f = t³/2t² = t/2, म्हणजे डेरिव्हेटिव्ह प्रत्येक ठिकाणी 1/2. t = 0 ला चेन रूल लावला तर 0 × 1 + 0 × 1 = 0. नियम चक्क फसला, आणि दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात असूनही फसला.

का फसला ते सिद्धतेत दाखवता येतं. आरंभबिंदू सोडून इतरत्र ∂f/∂x = 2xy³/(x² + y²)². तिरप्या रेषेवर याची किंमत 1/2 आहे, तुम्ही आरंभबिंदूच्या कितीही जवळ जा. आणि बरोबर आरंभबिंदूवर ती शून्य. दुसऱ्या टप्प्यात ‘नव्या y वरचा उतार जुन्या y वरच्या उताराइतकाच’ असं आपण जे म्हणालो होतो ते इथे खोटं आहे, y कितीही कमी हलवला तरी. t शून्य नसेल तेव्हा त्याच वाटेवर ∂f/∂y शून्य येतो, आणि चेन रूल 1/2 × 1 + 0 × 1 = 1/2 असं बिनचूक उत्तर देतो. मोडतो तो त्या एका बिंदूवर, जिथे पार्शल डेरिव्हेटिव्ह सलग नाही. ढिगाच्या बाबतीत (2/3)πrh आणि (1/3)πr² ही साधी बहुपदी आहेत, ती सगळीकडे सलग आहेत, म्हणून तिथे ही शंका घ्यायचं कारण नाही. छेदात शून्य होऊ शकणारं काही असेल किंवा फलन तुकड्यांत लिहिलेलं असेल, तिथे मात्र आधी ते बिंदू शोधावेत आणि वाट त्यांच्यावरून जाते का ते पाहावं.